चुळबुळ कुठून येते? लहान मुलांमधली एडीएचडी आणि चिंता डॉक्टर वेगळी कशी करतात

मूल जागेवर बसत नाही, सांगितलेलं कानावर घेत नाही, वहीतलं काम अर्धवट सोडतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांच्या तोंडी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, हा शब्द बहुतेक वेळा आधीच असतो. तक्रार खरी असते, त्यात शंका नाही. अडचण अशी की हीच तक्रार चिंताविकार असलेल्या मुलाबद्दलही शब्दशः अशीच येते.

हा गोंधळ निदानाच्या पुस्तकातच आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) सर्वसाधारण चिंताविकाराची सहा लक्षणं दिली आहेत: बेचैनी, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायूंवरचा ताण आणि झोपेची तक्रार. आवरता न येणाऱ्या काळजीसोबत मोठ्या माणसात यांपैकी तीन लागतात, मुलात एक पुरतं. म्हणजे सहापैकी दोन लक्षणं, बेचैनी आणि लक्ष न लागणं, थेट एडीएचडीच्या अंगणातली आहेत. त्यामुळे मूल किती चुळबुळतं हे मोजून काहीच ठरत नाही. ती कधी होते, कशाच्या आधी होते आणि काय झालं की थांबते, हे शोधावं लागतं. साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा शोध कसा घ्यायचा ते इथे क्रमाने मांडलं आहे. समुपदेशक आणि बालरोगतज्ज्ञ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, पण पालकांनाही आपल्याला हे प्रश्न का विचारले जातात ते यातून कळेल.

आधी आयुष्याची रेघ काढा

कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढायची. एका टोकाला जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. मधे बालवाडी, पहिली, घर बदललं असेल तर ते, भावंडाचा जन्म, आजारपणं, घरातला मृत्यू, शिक्षक बदलले ती वेळ. मग पालकांना विचारायचं, ‘हे असं वागणं पहिल्यांदा कधी जाणवलं?’

एडीएचडीच्या मुलाचे पालक बहुधा एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, ‘तसं पहिल्यापासूनच.’ सुरुवात सांगता येत नाही, फक्त त्रास कधी वाढला ते सांगता येतं. डीएसएम-५ नुसार काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, पण प्राथमिक शाळेतल्या मुलाला ही अट जवळपास आपोआपच लागू होते, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. चार-पाच वर्षांचं असतानाच्या खुणा विचाराव्या लागतात. गोष्ट ऐकताना किती वेळ बसायचा? घसरगुंडीच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबायचा का? आणि माझा आवडता प्रश्न: गर्दीत हात सुटला तर काय करायचा? एडीएचडीचं मूल बहुतेकदा पुढे पळालेलं असतं, मागे वळून न बघता. चिंतेकडे झुकणारं मूल आईच्या पायाला बिलगलेलं असतं.

चिंतेच्या रेघेवर बऱ्याचदा एखादी जागा सापडते. ‘या वर्षीपासून’, ‘आजोबा गेल्यानंतर’, ‘नव्या वर्गात गेल्यावर’. मात्र या खुणेला लगेच निकाल समजू नये. स्वभावतःच बुजरं मूल रांगायच्या वयापासून चिंताळलेलं असू शकतं, तिथे सुरुवातीची तारीख नसते. उलट, हुशार आणि शांत स्वभावाच्या मुलाची एडीएचडी दुसरी-तिसरीपर्यंत झाकली जाते आणि लेखी काम वाढल्यावर अचानक उजेडात येते. पालकांना ती नवी वाटते. म्हणूनच चार वर्षांच्या वयातले ते बारीक प्रश्न सोडू नयेत.

सुरुवात खरोखर ठळक असेल तर पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत: शाळेत कुणी छळतं का, घरात भांडणं किंवा मारहाण आहे का, कुणी मुलाला नको तसा स्पर्श केला आहे का. धोक्याच्या छायेत राहणारं मूल सतत चाहूल घेत असतं, आणि ते वर्गात ‘लक्ष नसलेलं’ दिसतं. हे प्रश्न पालकांना वेगळे आणि मुलाला वेगळे विचारायचे.

याच टप्प्यावर जन्मतारीखही नीट बघून घ्यावी. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान मोठ्यांपेक्षा जास्त वेळा मिळतं, हे अनेक देशांत आढळलं आहे. वर्गातल्या इतरांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असलेलं मूल थोडं जास्त हलणारच.

मग आठवड्याचा नकाशा

आयुष्याच्या रेघेनंतर दोन आठवड्यांची नोंदवही. पालक आणि वर्गशिक्षक दोघांनी ठेवायची, रोज दोन-तीन प्रसंग पुरेत. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: किती वाजता, त्यानंतर काय व्हायचं होतं, मुलाने काय केलं, आणि त्यावर पुढे काय घडलं. दुसरा आणि चौथा रकाना सगळ्यात मोलाचे, आणि लोक नेमके तेच मोकळे सोडतात. ‘गणिताच्या तासाला उठत होता’ ही नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘फळ्यावर बोलावतील म्हटल्यावर उठून पाणी प्यायला गेला, परत आला तोवर दुसऱ्याला बोलावलं होतं’ ही नोंद अर्धं निदान आहे.

एडीएचडीची चुळबुळ कंटाळ्याच्या मागे मागे जाते. काम लांबलचक, तेच ते, फळ उशिरा मिळणारं असलं की ती वाढते. त्यामुळे ती सगळीकडे सांडलेली दिसते: जेवताना, मोजे घालताना, आवडत्या खेळात स्वतःची पाळी येईपर्यंत. सुट्टीत ती जात नाही, फक्त शाळेची जागा घर घेतं. चिंतेची चुळबुळ धोक्याच्या पुढे पुढे चालते. परीक्षा, सगळ्यांसमोर वाचणं, आईपासून लांब जाणं, अनोळखी माणसं. सुट्टी संपत आलेल्या संध्याकाळी पोट दुखायला लागतं, आणि चाचणी रद्द झाल्याचं कळताच तेच मूल दोन तास चित्र रंगवत बसतं.

इथे एक फसगत नेहमी होते. गणित टाळणं दोन्ही मुलं करतात, कारण ते एकाला कंटाळवाणं असतं आणि दुसऱ्याला भीतीदायक. तेव्हा दोन गोष्टी सुट्या करणारे प्रसंग शोधायचे. काम सोपं, कंटाळवाणं, पण कुणीही तपासणार नाही असं असेल तर काय होतं? उदाहरणार्थ, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. चिंतेचं मूल हे निवांत करतं, कधी कधी गरजेपेक्षा नीटनेटकं. एडीएचडीचं मूल तिसऱ्या जोडीनंतर मोज्याचा चेंडू करून फेकतं. आणि उलट प्रसंग: काम आवडीचं, पण सगळे बघणार आहेत. एडीएचडीचं मूल सूचना पुरत्या न ऐकता पुढे धावतं. चिंतेचं मूल ‘मला नको’ म्हणतं, किंवा त्याला नेमकं तेव्हाच शौचालयात जायचं असतं.

‘पण मोबाइलवर तासभर बसतो, मग एडीएचडी कशी?’ हे पालक हमखास विचारतात. पडद्यावर दर दोन सेकंदांनी नवं काहीतरी घडतं आणि बक्षीस लगेच मिळतं, त्यामुळे एडीएचडीचं मूलही तिथे खिळून राहतं. पडद्यासमोरची एकाग्रता कुठल्याच बाजूचा पुरावा नाही.

वह्या मागवा

शाळेचा अहवाल येतो तेव्हा सोबत वह्या आणायला सांगाव्यात, चालू वर्षाच्या आणि मिळाल्या तर मागच्या वर्षाच्याही. वह्या चाळायला दहा मिनिटं लागतात आणि शिक्षकांच्या शेऱ्यात नसलेलं त्यात दिसतं.

‘काम अपूर्ण’ हा शेरा दोन्ही वह्यांत सारखाच असतो, अपूर्णतेची तऱ्हा मात्र वेगळी. एडीएचडीच्या वहीत बेरजेच्या रांगेत मधेच एक वजाबाकीचं चिन्ह आलं की ते हुकतं, मधलं एक अख्खं उदाहरण गाळलेलं असतं, पुढचं बरोबर असतं. ओळी सोडलेल्या, तारीख अर्धी, समासात विमान. एका दिवशी सगळं बरोबर, दुसऱ्या दिवशी तेच सगळं चुकीचं. चिंतेच्या वहीत खोडाखोड दिसते. एकच शब्द तीनदा खोडून लिहिलेला, कागद पातळ झालेला, कधी भोक पडलेलं. पहिली चार उदाहरणं सुबक आणि बरोबर, पाचवं थोडं वेगळं आहे तिथे सगळं थांबलेलं, आणि खालचं पान कोरं. म्हणजे एकाचं काम लक्ष निसटल्यामुळे राहिलं, दुसऱ्याचं चुकण्याच्या भीतीने.

वही उघडी ठेवून मुलाला विचारावं, ‘इथे थांबलास तेव्हा काय चाललं होतं?’ एडीएचडीच्या मुलाला बहुतेकदा आठवतच नाही, ते खांदे उडवतं. चिंतेच्या मुलाला ती वेळ आठवते.

प्रश्नावल्यांचे आकडे कुठे फसवतात

पालक आणि शिक्षक यांच्यासाठीच्या प्रश्नावल्या लागतातच, कारण निदानासाठी त्रास किमान दोन ठिकाणी दिसायला हवा आणि सहा महिने टिकलेला हवा. सहा ते बारा वर्षांसाठीची व्हँडरबिल्ट प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात लक्ष न लागण्याची ९ विधानं, अतिचंचलता आणि उतावळेपणाची ९ विधानं, आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ मिळालेलं विधान लक्षण म्हणून धरतात. एखाद्या गटात ९ पैकी ६ लक्षणं आणि अभ्यासात किंवा नात्यांत प्रत्यक्ष अडचण असेल तर तो गट लागू मानतात.

आता ही विधानं चिंतेच्या मुलाला लावून बघा. दिलेलं काम पूर्ण करत नाही: हो, कारण पाचव्या उदाहरणाला अडलं. डोक्याला ताण देणारं काम टाळतो: हो. समोर बोलताना ऐकतोय असं वाटत नाही: हो, त्याच्या डोक्यात पुढच्या तासाची भीती फिरते आहे. आवाजाने लगेच विचलित होतो: हो, तो दाराकडे कान लावून आहे. बसल्या जागी चुळबुळ करतो, जागेवरून उठतो: हो आणि हो. लक्ष न लागण्याच्या गटातल्या चार खुणा इथेच झाल्या; त्याच गटातल्या आणखी दोन झाल्या की सहाचा आकडा खोटं न बोलताही गाठला जातो. प्रश्नावली वागणं मोजते, त्यामागचं कारण तिला दिसत नाही.

म्हणून बेरीज करून थांबू नये, कोणत्या विधानांवर खुणा आहेत ते वाचावं. उतावळेपणाची विधानं इथे सगळ्यांत जास्त सांगतात: प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकणं, पाळीची वाट न बघता येणं, दुसऱ्यांच्या बोलण्यात-खेळण्यात घुसणं. चिंतेने मूल सहसा आवरून घेतं, त्यामुळे निव्वळ चिंता असलेल्या मुलात या खुणा कमीच सापडतात. त्याच्या जोडीला वस्तू हरवणं आणि निष्काळजी चुका. हा गट भरलेला असेल तर एडीएचडीकडे वजन जातं. मात्र हा गट रिकामा आहे म्हणून एडीएचडी नाही, असं म्हणता येत नाही. फक्त लक्ष न लागण्याचा प्रकारही असतो, आणि मुलींमध्ये तो सहज नजरेतून सुटतो.

चिंतेसाठी वेगळी प्रश्नावली लागते. व्हँडरबिल्टमध्ये चिंता आणि उदासीची मिळून सातच विधानं आहेत, तेवढ्यावर भागत नाही. आठ वर्षांपासून पुढे स्केर्ड ही ४१ विधानांची प्रश्नावली मुलाला आणि पालकांना वेगवेगळी भरायला देतात. लहान मुलाला विधानं वाचून दाखवावी लागतात. एकूण २५ किंवा अधिक गुण आले तर चिंताविकाराची शक्यता पुढे तपासायची. मुलाचे आणि पालकांचे आकडे सहसा जुळत नाहीत. ते जुळवण्याचा प्रयत्न करू नये, सरासरीही काढू नये. भीती आत असते, पालकांना तिची बाहेरची बाजूच दिसते, शिक्षकांना त्याहून कमी. एडीएचडीत याच्या नेमकं उलट: तिथे मुलाचं स्वतःबद्दलचं म्हणणं कच्चं आणि मोठ्यांचं निरीक्षण पक्कं.

मुलाबरोबर एकट्याने, निदान पाऊण तास

पंधरा मिनिटांच्या भेटीत हा फरक कळणं कठीण आहे, कारण तो वेळेबरोबर उलगडतो. चिंतेचं मूल खोलीत येताना सगळ्यात जास्त ताठरलेलं किंवा चुळबुळतं असतं. नखं, शर्टाचं बटण, दाराकडे नजर. वीसेक मिनिटांत, तुम्ही परीक्षा घेत नाही हे पटलं की, ते सैलावतं आणि मग छान बसतं. एडीएचडीच्या मुलाची कमान बऱ्याचदा उलटी. नवी जागा, नवा माणूस, समोरासमोर मिळणारं पूर्ण लक्ष यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं ते अगदी शहाण्यासारखं असतं. नवलाई ओसरली की खुर्ची फिरायला लागते आणि टेबलावरचं स्टेपलर हातात जातं. पालक बाहेर बसून हताश होतात की इथे नेमका शांत कसा बसला. तो इथे शांत बसला म्हणून एडीएचडी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. डीएसएम-५ मध्येही हे नमूद केलेलं आहे.

पाऊण तासात एक साधं निरीक्षण करता येतं. एकसारख्या आकृत्यांची दोन पानं घ्यायची, ठरावीक आकृतीवर खूण करायची. पहिलं पान देताना सांगायचं, ‘हे मी तपासणार नाही, तू कर, मी माझं लिहितो.’ दुसऱ्याला शेजारी बसून बघायचं आणि म्हणायचं, ‘आता यात किती बरोबर येतात पाहू या.’ चिंतेचं मूल दुसऱ्या पानाला बिघडतं: हळू होतं, खोडतं, ‘हे बरोबर आहे ना?’ विचारतं. एडीएचडीचं मूल बहुधा पहिल्या पानाला घसरतं आणि कुणी शेजारी बसल्यावर सुधारतं. ही प्रमाणित चाचणी नाही, तिला गुण नाहीत, आणि तिच्यावर एकटीवर काहीही लिहून देऊ नये. तरी पुढचे प्रश्न कुठे वळवायचे ते तिच्यातून कळतं. संगणकावरच्या लक्ष मोजणाऱ्या चाचण्यांचंही तेच: त्या जोडीला ठीक आहेत, निदान त्या करत नाहीत.

‘तुला भीती वाटते का?’ या प्रश्नाला आठ वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी डोक्याचं एक मोठं चित्र काढायचं आणि ‘वर्गात बसलेला असताना या डोक्यात काय काय चालू असतं ते भर’ असं सांगायचं. एडीएचडीच्या मुलाचं डोकं पसरट भरतं: खिडकीबाहेरची मांजर, काल पाहिलेला सामना, मित्राची नवी पेन्सिल, डब्यातला खाऊ. विषय उड्या मारतात आणि त्यांत धोका नसतो. चिंतेच्या डोक्यात एकच गोष्ट फिरून फिरून येते, आणि तिची सुरुवात ‘जर’ने होते. जर माझं नाव घेतलं तर. जर आई यायला विसरली तर.

शरीराकडे बघून घ्या

हा भाग छोटा आहे, पण वगळायचा नाही. ऐकू येणं आणि नजर तपासलेली हवी. झोप विचारावी: या वयाला रोज ९ ते १२ तास लागतात, आणि घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल अपुऱ्या झोपेमुळे दिवसा गुंगण्याऐवजी सैरभैर होतं. दम्यासाठी सालब्युटामॉल घेणाऱ्या मुलाला हात थरथरण्याचा आणि बेचैनीचा त्रास होऊ शकतो. मधेच काही सेकंद नजर शून्यात जाते आणि हाक मारली, हात लावला तरी परत येत नाही, असं असेल तर फिटचा एक प्रकार तपासावा लागतो. थायरॉइडची तपासणी लक्षणं असतील तरच. एडीएचडी किंवा चिंता दाखवणारी रक्तचाचणी किंवा मेंदूचा फोटो नाही.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

हा मुलगा अनेक मुलांच्या गोष्टींतून बेतलेला आहे. वय आठ, तिसरीत. वर्गशिक्षिकेचं पत्र: सतत उठतो, काम पूर्ण करत नाही, दोनदा हाक मारावी लागते, दिवसातून चार-पाच वेळा शौचालयात जातो. व्हँडरबिल्टमध्ये शिक्षिकेच्या खुणा लक्ष न लागण्याच्या ९ पैकी ६ आणि अतिचंचलतेच्या ९ पैकी ३. आईच्या ७ आणि ३. दोन ठिकाणं, आकडा सहा किंवा त्याहून जास्त, सात महिने झालेले. कागदावर हे लक्ष न लागण्याच्या प्रकारची एडीएचडी ठरते.

आधी खुणांची जागा पाहिली. उतावळेपणाच्या तीनही विधानांवर शून्य. अतिचंचलतेच्या तीन खुणा म्हणजे चुळबुळ, जागेवरून उठणं आणि शांतपणे खेळता न येणं. यातली तिसरी आईला पुन्हा विचारली तर ती म्हणाली, ‘शाळेतून आल्यावर अर्धा तास तसं असतं, मग नाही.’ निष्काळजी चुका दोघींनीही नोंदवल्या नव्हत्या.

रेघ काढली. पहिली-दुसरीच्या प्रगतिपुस्तकांत तक्रार नाही. चार वर्षांचा असताना रांगेत उभा राहायचा, गोष्ट पुरी ऐकायचा, अनोळखी घरी गेल्यावर तासभर मांडीवरून उतरायचा नाही. तिसरीच्या सुरुवातीला शिक्षिका बदलल्या, आणि नव्या शिक्षिका पटावरच्या क्रमाने मोठ्याने वाचायला लावतात.

दोन आठवड्यांच्या नकाशात शौचालयाच्या नऊ फेऱ्यांची वेळ लिहिलेली होती. त्यांतल्या सात वाचनाच्या तासात, त्याच्या क्रमांकाच्या आधी दोन-तीन मुलं असताना. चौथ्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच: परत आला तोवर पाळी गेलेली. चित्रकलेच्या तासाला एकही नोंद नाही. घरी मोज्यांच्या जोड्या त्याने लावल्या, वर रंगांप्रमाणे रचूनही ठेवल्या.

स्केर्डमध्ये त्याचे ३३ गुण, आईच्या मते २२. नुसत्या आईच्या आकड्यावर गेलो असतो तर चिंता सुटून गेली असती. इतर लोकांसमोरच्या भीतीच्या गटात त्याचे ११ होते, तिथे ८ पासून पुढे लक्ष द्यायचं असतं. डोक्याच्या चित्रात त्याने वर्गातली तोंडं काढली, सगळी हसणारी. ‘कोण हसलं होतं?’ विचारल्यावर कळलं की सुरुवातीच्या आठवड्यात एक शब्द चुकल्यावर मुलं हसली होती. शिक्षिकेला ते आठवतही नव्हतं.

निदान इथे पक्कं वाटतं, पण एक वाट तपासायची राहिली होती. मोठ्याने वाचायची भीती वाचताच येत नसल्यामुळेही असू शकते. वाचनदोष असलेलं मूल अगदी असंच वागतं, आणि त्याला नुसती भीतीवरची मदत दिली तर त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून अपरिचित उतारा एकट्याने वाचून घेतला, अर्थ नसलेले शब्दही वाचून घेतले. वाचन वयाला साजेसं निघालं. मग सामाजिक चिंतेचं निदान लिहिलं. ही भीती बरोबरीच्या मुलांमध्येही दिसली पाहिजे, नुसत्या मोठ्यांपुढे नव्हे, आणि सहा महिने टिकलेली हवी. दोन्ही जुळत होतं.

उपचार सीबीटीचे, म्हणजे भीतीला पायऱ्या पाडून सामोरं जाण्याचे. पहिली पायरी घरी खुर्चीत बसलेल्या आईला एक ओळ वाचून दाखवणं, मग एका मित्राला, मग शिक्षिकेला मधल्या सुट्टीत, मग वर्गात आधी ठरलेली दोन वाक्यं. शिक्षिकेने पटाचा क्रम थांबवला आणि पाळीच्या वेळची शौचालयाची सुट्टीही प्रेमाने थांबवली, कारण त्या प्रत्येक सुटकेने भीती पोसली जात होती. बारा आठवड्यांनी शिक्षिकेकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. लक्ष न लागण्याच्या खुणा सहावरून एकावर आल्या.

ही दुसरी मोजणी फार जण करत नाहीत, आणि मला ती पहिल्या मोजणीइतकीच गरजेची वाटते. भीती ओसरल्यावर लक्षही परत आलं, तर लक्षाची तक्रार भीतीचीच होती. भीती ओसरून लक्ष तिथेच राहिलं, तर एडीएचडी खाली बसलेली आहे.

दोन्ही असतात तेव्हा

असं खूपदा होतं. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात (१९९९) सात ते नऊ वर्षांची एडीएचडी असलेली ५७९ मुलं होती, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांना चिंताविकारही होता. म्हणून ‘हे की ते’ हा प्रश्न शेवटपर्यंत ‘हे, ते की दोन्ही’ असाच ठेवायला हवा.

दोन्हींची रेघ वेगळी दिसते. नऊ वर्षांची एक मुलगी घ्या: बालवाडीपासून वस्तू हरवणारी, सूचना अर्ध्यावर सोडणारी, पण कुणाला त्रास न देणारी. दोन वर्षं रोज ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ ऐकल्यावर ती दप्तर रात्री चारदा उघडून बघायला लागते आणि सकाळी रडते. इथे तपासण्याची सवय आणि रडणं नवं आहे, विसरणं जुनं. नुसतं नवं पाहणारा चिंता लिहील, नुसतं जुनं पाहणारा एडीएचडी. रेघेवर दोन्ही वेगळ्या जागी उमटतात आणि पहिलीतून दुसरी कशी निघाली तेही दिसतं.

कशावर आधी उपचार करायचे, तर ज्याने रोजचं जगणं जास्त अडलं आहे त्यावर. शाळेलाच जात नसेल तर आधी चिंता. शाळेत जातं पण एकही काम पुरं होत नसल्याने धास्तावतं, तर आधी एडीएचडी, आणि काही आठवड्यांनी चिंता पुन्हा मोजायची. कधी ती तेवढ्यानेच उतरते. एमटीएमध्ये चिंताही असलेल्या मुलांना पालक-प्रशिक्षण आणि शाळेतल्या वर्तन-उपचारांचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला, म्हणून अशा मुलात नुसत्या गोळीवर थांबू नये.

आणि गोळी देऊन निदान करू नये. ‘औषध देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही विकार नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामीन या एडीएचडीवर वापरल्या जाणाऱ्या औषधाचा एक डोस दिला, तर त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष सुधारलं. म्हणजे चिंतेचं मूलही त्या गोळीवर आठवडाभर बरं बसलेलं दिसू शकतं, आणि वाचनाच्या तासाची भीती तशीच आत राहते. काही मुलांची बेचैनी या औषधांनी वाढते, काहींची कमी होते. त्यामुळे औषध सुरू करायचंच असेल तर त्या आधी चिंतेची प्रश्नावली भरलेली असावी, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा हाती राहतो.

पहिल्या भेटीला येताना पालकांनी मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं, दोन विषयांच्या वह्या, मूल घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि शक्य असेल तर आठवडाभराची चार रकान्यांची नोंद आणावी. एवढं हाताशी असलं तर बहुतेक मुलांच्या बाबतीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत दिशा कळते. ज्यांच्या बाबतीत कळत नाही, त्यांच्या कागदावर ‘निदान अजून ठरलेलं नाही’ असं लिहून तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं.